बंद दाराआडची कादंबरी: लॉकडाऊनची गोष्ट लिहिणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

लॉकडाऊनवर कादंबरी लिहायला घेतली की पहिली चाळीस-पन्नास पानं भराभर होतात. बातमी येते, धावपळ होते, दार लागतं. अडतं ते त्यानंतर. माणसं घरात आहेत, उद्याही घरातच असणार आहेत, बाहेरून कुणी येणार नाही, आतून कुणी जाणार नाही. मग पुढच्या पानावर घडणार काय? बरेचसे कच्चे खर्डे इथे दोनपैकी एका वाटेला लागतात. एक तर रोजच्या दिवसाला एक प्रकरण देत कादंबरीची रोजनिशी होते, नाहीतर प्रत्येक पात्र खिडकीशी बसून बालपण आठवायला लागतं.

अशी कादंबरी लिहिताना मला जी कामाची पद्धत हाती लागली, ती इथे मांडते. उदाहरणाला एकच घर, चार माणसं आणि अडुसष्ट दिवस घेतले आहेत. तुमच्या डोक्यात रुग्णालय किंवा अख्खं शहर असेल, तर आकडे बदला. पद्धत बरीचशी चालेल.

लिहायला बसण्याआधी जवळ काय हवं

- दोन रकान्यांचं कॅलेंडर: एका बाजूला बाहेर काय घडलं, दुसऱ्या बाजूला घरात काय घडलं
- घराचा नकाशा, दारं आणि खिडक्यांसकट. हाताने काढलेला चालेल
- घरातल्या प्रत्येक जोडीने आधी किती तास एकत्र काढले आणि नंतर किती, याचा तक्ता
- घरात संपत जाणाऱ्या दोन-तीन वस्तूंची यादी, कोणती कोणत्या दिवशी संपते ते लिहून
- त्या काळात निघालेले आदेश आणि त्यांच्या मुदतवाढीच्या तारखा

पात्रांची लांबलचक चरित्रं या यादीत मी मुद्दाम घेतलेली नाहीत. इथे माणूस कळतो तो शेजारच्या माणसामुळे, त्यामुळे तक्ता आधी.

१. भिंत कुठे आहे ते ठरवा

"लॉकडाऊन" म्हटलं की आपल्याला एकच चित्र दिसतं, पण इतिहासात बंदिस्तपणाचे निरनिराळे आकार सापडतात आणि प्रत्येकातून वेगळी कादंबरी निघते. १६६५ च्या प्लेगमध्ये लंडनला एखाद्या घरात रोगी सापडला की आजारी आणि धडधाकट अशा सगळ्यांना आत ठेवून दार बंद करत, दारावर लाल क्रूस काढत आणि बाहेर पहारेकरी बसवत. इथे घरातला संघर्ष धडधाकट माणूस आणि रोगी यांच्यात आहे, आणि गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं बाहेरचं पात्र म्हणजे तो पहारेकरी. त्याला लाच देता येते, गंडवता येतं, त्याच्याकडून निरोप पाठवता येतो.

त्याच साथीत इंग्लंडमधल्या ईम या गावाने १६६६ साली रोग बाहेर जाऊ नये म्हणून स्वतःहून वेस आखून घेतली. बाहेरचे लोक सामान वेशीवर ठेवत आणि गावकरी पैसे व्हिनेगरमध्ये ठेवून देत, असं सांगतात. इथे दाराला कुलूप नाही. कुणीही रात्रीतून निघून जाऊ शकतो. म्हणून प्रश्न "कसं निसटायचं" असा उरत नाही, "कोण राहिलं आणि कुणी राहायला भाग पाडलं" असा होतो.

वुहान २३ जानेवारी ते ८ एप्रिल २०२० असे ७६ दिवस बंद होतं. शहराएवढी भिंत असली की आत लाखो माणसं एकमेकांना अनोळखीच राहतात. तिथे गोष्ट चालवायला रस्त्यावर जाऊ शकणारं पात्र लागतं: ड्रायव्हर, डॉक्टर, सामान पोचवणारा.

नवख्या लेखकांनी घराएवढी भिंत घ्यावी, असं माझं मत आहे. शहर घेतलं की बातम्या कादंबरीत शिरतात आणि बाहेर निघता निघत नाहीत.

२. रोग निवडा, कारण त्याच्यासोबत घड्याळ येतं

काही लेखक रोगाला नाव देत नाहीत. तसं करायला हरकत नाही. पण तुम्हाला स्वतःला तीन गोष्टी माहीत असायलाच हव्यात: संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत किती दिवस जातात, माणूस दुसऱ्याला रोग केव्हापासून देऊ शकतो, आणि बरा झालेला माणूस सुरक्षित असतो का.

कॉलरामध्ये लक्षणं काही तासांपासून पाच दिवसांत दिसतात आणि रोग पसरतो मुख्यतः दूषित पाण्यातून. दार बंद करून बसलेलं कुटुंब घरातलंच पाणी पिऊन आजारी पडू शकतं. म्हणजे बंद दाराने मिळणारा दिलासाच खोटा, आणि वेग प्रचंड: सकाळी बरा असलेला माणूस संध्याकाळपर्यंत जाऊ शकतो. कॉलऱ्यावर संथ कादंबरी लिहायला बसलात तर रोगच तुम्हाला तसं करू देणार नाही.

देवीचं उलट. तिथे लक्षणं दिसायला साधारण दहा ते चौदा दिवस लागत आणि ताप-पुरळ येण्याआधी तो माणूस सहसा कुणाला रोग देत नसे. शिवाय एकदा देवी येऊन गेलेल्याला ती बहुधा पुन्हा होत नसे. त्यामुळे चेहऱ्यावर व्रण असलेला माणूस घरातला एकमेव मोकळा माणूस ठरतो. तोच बाहेर जाणार, तोच रोग्याच्या उशाशी बसणार. काल ज्याच्याकडे कुणी बघत नव्हतं त्याच्या हातात घराच्या किल्ल्या येतात. ही एवढी एक वस्तुस्थिती कादंबरीभर पुरते.

कोविडमध्ये लक्षणं दिसायला सरासरी पाच दिवस लागत, आणि चौदा दिवसांपर्यंतही लागू शकत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला रोग देत असे. कादंबरीकाराच्या दृष्टीने हे सोनं आहे. का, ते सहाव्या पायरीवर सांगते. पुढचं उदाहरण अशाच रोगाचं आहे.

३. एकत्र तासांचा तक्ता मांडा

नात्यांबद्दल लिहायचं म्हटलं की आपण "प्रेम", "दुरावा", "अबोला" असे शब्द मांडून बसतो. ते बाजूला ठेवा आणि तास मोजा. प्रत्येक नातं ठरावीक वेळ दूर राहण्यावर उभं असतं. बंदिस्तपणा तो दूर राहण्याचा वेळ काढून घेतो, किंवा कुणाच्या बाबतीत दूर राहण्याखेरीज काही ठेवतच नाही. कोणत्या जोडीचं काय झालं हे आकड्यांत दिसलं की गोष्ट कुठे आहे ते कळतं.

आपल्या घरात आहेत अर्धांगवायू झालेले आजोबा, त्यांचा नोकरी करणारा मुलगा, नऊ वर्षांची नात, आणि आजोबांना सांभाळायला दिवसपाळीला येणारी केअरटेकर. सून दुसऱ्या शहरात कामाला गेलेली असतानाच वाहतूक थांबली. केअरटेकर संध्याकाळी घरी निघाली, तिला परत फिरावं लागलं. तिची आई पलीकडच्या वस्तीत एकटी आहे.

आता तास. आजोबा आणि केअरटेकर आधी रोज बारा तास एकत्र असत, आता जागेपणीचे सगळे. वाढ आहे, पण दोघांना एकमेकांची सवय आहे. मुलगा आणि नात आधी तीन तास, आता पंधरा. नात आणि केअरटेकर आधी तासभर, तोही नात शाळेतून आल्यावर, आता दिवसभर. मुलगा आणि त्याची बायको आधी दहा तास, आता शून्य, फक्त फोन. आणि मुलगा व केअरटेकर? आधी सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच मिनिटं. "औषध दिलंत ना?" "हो, आठला दिलं." एवढंच. आता चौदा तास.

दहा मिनिटांवरून चौदा तास. एवढी उडी घरात दुसऱ्या कुणाचीच नाही, आणि या दोघांना वागायची ठरलेली रीतही नाही. तो तिला "अहो ताई" म्हणतो, पण ती त्याच्या घरात झोपते कुठे? तिचे कपडे वाळत कुठे घालायचे? तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये वरिष्ठाकडून बोलणी खाताना ती शेजारच्या खोलीत सगळं ऐकते, हे त्याला माहीत आहे. आणि तिची पाळी बारा तासांची होती. आता ती संपते केव्हा? रात्री दोनला आजोबांनी हाक मारली तर उठायचं कुणी, आणि त्याचा पगार कोण मोजणार? तो विषय काढत नाही, कारण काढला तर द्यावा लागेल. ती काढत नाही, कारण काढला आणि बिनसलं तर जाणार कुठे?

इथे एक सापळा आहे. या दोघांचं प्रेम जमवायचा मोह होतो. मी तरी तो टाळा म्हणेन. प्रेम जमलं की पगाराचा प्रश्न विरघळून जातो, आणि या घरातला सगळ्यात खरा प्रश्न तोच होता.

सून आणि मुलगा या जोडीकडेही नीट बघा. सगळे लेखक जवळ आलेल्या माणसांवर लिहितात. पण ज्यांचे तास शून्यावर आले त्यांचं नातंही तेवढंच बदलतं. घर तिच्याशिवाय चालायला लागलंय, नात केअरटेकरकडून वेणी घालून घेतेय, आणि हे तिला फोनच्या पडद्यावर दिसतंय.

४. नकाशा: कोण कुठे एकटं असतं, कुणाला काय ऐकू येतं

घराचा नकाशा काढून त्यावर दोन रंगांनी खुणा करा. पहिल्या रंगाने अशा जागा, जिथे माणूस एकटा राहू शकतो. आपल्या घरात दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि छोटी गॅलरी आहे. चार माणसांत एकट्याने बसायच्या जागा दोनच: न्हाणीघर आणि गॅलरी. म्हणजे या दोन जागांवर रांग लागणार, पाळ्या पडणार, आणि कुणी तिथे ठरल्याहून जास्त वेळ राहिलं तर ती घटना होणार. उघड्या जगातल्या कादंबरीत माणूस रागावला की निघून जातो आणि प्रकरण संपतं. इथे तो न्हाणीघरात जातो आणि नळ सोडतो. नळाचा आवाज बाहेर सगळ्यांना ऐकू येतो आणि तो कशासाठी सोडलाय हेही कळतं.

दुसऱ्या रंगाने आवाज दाखवा. कोणत्या भिंतीतून काय ऐकू येतं? हे आधी ठरवलं नाही तर पात्रं बिनधास्त भांडायला लागतात, आणि शेजारच्या खोलीतली नऊ वर्षांची मुलगी बहिरी असल्यासारखी वागते. बंद घरात भांडण दबक्या आवाजात होतं, अर्धवट राहतं, दुसऱ्या दिवशी भांडी घासताना पुढे चालू होतं. आणि ऐकणाऱ्याला अर्धंच ऐकू येतं. त्या अर्ध्यावरून तो जे ठरवतो, त्यावर पुढची वीस पानं चालू शकतात. उदाहरणार्थ, नातीने रात्री बाबांचं एकच वाक्य ऐकलं: "त्यांना पाठवून द्यायचं तरी कसं?" बोलणं चाललं होतं केअरटेकरच्या आईला पैसे पाठवण्याबद्दल. मुलीला वाटलं, ताईलाच घालवून देणार आहेत. दुसऱ्या दिवशी तिने ताईची चप्पल लपवली.

५. दिवस समान नसतात, पानंही समान ठेवू नका

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ घेते. भारतात २०२० साली पहिला देशव्यापी लॉकडाऊन २५ मार्चपासून २१ दिवसांचा जाहीर झाला, मग १९ दिवस वाढला, मग १४, मग आणखी १४. एकूण ६८ दिवस. ही रचना लक्षात घ्या, कारण गोष्टीचा वेग तिच्यातच आहे. पहिल्या टप्प्यात माणसं दिवस मोजतात, कारण शेवट दिसतोय. मुदत पहिल्यांदा वाढते तेव्हा कुणीतरी फसवल्यासारखं वाटतं. तिसऱ्यांदा वाढते तेव्हा कुणी मोजतच नाही, आणि वाढल्याची बातमी भात शिजतोय का बघत ऐकली जाते. म्हणजे तणाव शेवटाकडे चढत जात नाही. तो पहिल्या मुदतवाढीला एकदा उसळतो आणि नंतर सपाट होतो. पुढचा उतार-चढाव तुम्हाला घरातूनच आणावा लागतो.

आपल्या कादंबरीची २४० पानं धरू. मी ती अशी वाटली असती. दार बंद होण्याआधीच्या दीड दिवसाला २० पानं, कारण माणसं आधी किती दूर राहत ते दिसलं नाही तर जवळ आल्याचं वजन कळणार नाही. दिवस १ ते ४ ला ५० पानं. दिवस ५ ते १९ ला फक्त २५. दिवस २० आणि २१ ला ३०, कारण मुदत वाढते आणि पगाराचा विषय पहिल्यांदा तोंडातून निघतो. दिवस २२ ते ३३ ला १५. दिवस ३४ ते ४३ ला ७०, तिथे घरात ताप येतो. दिवस ४४ ते ६६ ला जेमतेम १०. शेवटच्या दोन दिवसांना २०.

तेवीस दिवसांना दहा पानं आणि दहा दिवसांना सत्तर, हे पहिल्यांदा ऐकून भीती वाटते. पण प्रत्येक दिवसाला साडेतीन पानं दिली असती, तर वाचक विसाव्या दिवशीच उठून गेला असता.

दिवस गिळायचे कसे, याचं उत्तर मराठी व्याकरणात तयार आहे: रीतिभूतकाळ. "तो सकाळी खिडकी उघडायचा, ताई चहा टाकायची, आजोबा पेपर मागायचे आणि पेपर येत नाही हे त्यांना रोज सांगावं लागायचं." या एका वाक्यात पंधरा दिवस गेले, आणि रोजचा कंटाळाही आला. मग एका क्षणी काळ बदला: "बाराव्या दिवशी आजोबांनी पेपर मागितला नाही." वाचक ताठ बसतो. काहीही घडलेलं नाही, एक गोष्ट फक्त घडायची राहिली. बंदिस्त कादंबरीतल्या बऱ्याच घटना अशाच असतात. आधी रीत बांधा, मग ती एका जागी मोडा. रीत बांधली नसेल तर मोडल्याचं कुणाच्या लक्षात येणार नाही, आणि फार वेळा मोडलीत तर ती रीत उरणार नाही. पंधरा दिवसांच्या पट्ट्यात दोनदा मोडली तरी पुरे.

खर्डा तपासताना एक सोपी खूण आहे. "दुसऱ्या दिवशी" ने सुरू होणारे परिच्छेद मोजा. ते लागोपाठ यायला लागले की समजा, तुम्ही कादंबरी सोडून रोजनिशी लिहिताय.

६. ताण पुढे नाही, मागे ओढा

आता ताप. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दार बंद झालं त्या दिवशी तीस होत्या. रोज एक. म्हणजे एकोणतिसाव्या दिवशी कुणाला तरी बाहेर जावंच लागणार. वस्तूंची यादी करायला सांगितली ती यासाठी. बाहेर पडण्याचं कारण लेखकाच्या सोयीने येता कामा नये, ते पहिल्या प्रकरणापासून गोळ्यांच्या पाकिटात टिकटिकत राहायला हवं. मुलगा एकोणतिसाव्या दिवशी जातो, तासभर रांगेत उभा राहतो, परत येतो, आंघोळ करतो. चौतिसाव्या दिवशी त्याला कणकण येते.

नवखा लेखक इथून पुढे धावतो: चाचणी, श्वास, रुग्णालय. पण या रोगाचा स्वभाव आठवा. लक्षणांच्या एक-दोन दिवस आधीपासून तो पसरतो. म्हणजे धोका पुढे नाही, दिवस ३२ आणि ३३ मध्ये आहे, आणि ते दिवस होऊन गेलेत. वाचकाने ते वाचूनही झालेत. तुम्ही ते अर्ध्या पानात उरकले होते: केअरटेकरची पाठ धरली होती म्हणून मुलाने आजोबांना उचलून अंघोळ घातली, नातीने बाबांच्या ताटातला घास खाल्ला, संध्याकाळी केअरटेकरने त्याचा फोन घेऊन आईशी बोलून घेतलं.

आता दार लावून घेतलेल्या खोलीत तो, आणि बाहेर तिघं, ते अर्धं पान मिनिटामिनिटाने उलगडत बसतात. कुणी कुणाला हात लावला? खिडकी उघडी होती का? त्या दिवशी पाठ खरंच धरली होती, की रात्रीच्या जागरणाचे पैसे मिळत नाहीत म्हणून ती उठली नव्हती? हा शेवटचा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही, पण चौघांच्याही मनात आहे. पगाराचा धागा आणि रोगाचा धागा इथे एका गाठीत येतात. दोन धागे वेगवेगळे चालवून शेवटी जोडायचा खटाटोप करावा लागत नाही.

म्हणून दिवस ३२-३३ चं ते अर्धं पान फार जपून लिहा. त्यात तीन कृती असाव्यात, तिन्ही रोजच्यासारख्या वाटाव्यात, आणि एकीवरही जोर नसावा. "त्याला तेव्हा काय ठाऊक होतं की..." असलं वाक्य तिथे घातलंत तर सगळा डाव उघडा पडतो. अशी वाक्यं दुसऱ्या खर्ड्यात शोधून कापा. ती हमखास निघतात, कारण लेखकाला पुढचं माहीत असतं आणि ते लपवणं त्याला जड जातं.

मग पुढचे दहा दिवस वाट बघण्याचे. ज्याला ताप नाही तोच जास्त घाबरलेला असतो, कारण रोग्याला निदान आपल्याला काय झालंय ते माहीत असतं. थर्मामीटर कोण धरतं, आकडा कोण मोठ्याने वाचतं, कोण चोरून बघतं, यावर घरातली सत्ता बदलते. आपल्या घरात थर्मामीटर केअरटेकरच्या हातात जातो. तिला तो नीट लावता येतो, एवढंच त्याचं कारण. पण त्या दिवसापासून घराचे निर्णय तिला विचारून होतात, आणि बंद खोलीतल्या मुलाला ते फटीतून ऐकू येतं.

सत्तर पानं इथेच खर्ची पडतात, आणि कमीच पडतात.

७. फोनला दारासारखं वापरू नका

फोनमुळे बंद घर गळायला लागतं. पात्राला माहिती हवी, आला फोन. पात्राला सल्ला हवा, आला फोन. तीन नियम पाळले तरी भागतं. बोलण्याची एकच बाजू लिहा, ऐकणारी खोली लिहा, आणि दर फोनमधून काहीतरी लपलं पाहिजे. सून जेव्हा विचारते "सगळं ठीक ना?", तेव्हा मुलगा कॅमेरा अशा कोनात धरतो की मागचा बिछाना दिसू नये. बातम्यांचंही तेच. रुग्णांचे आकडे पानात छापू नका. टीव्हीसमोर बसलेला माणूस आवाज केव्हा कमी करतो ते लिहा.

८. कुणाला केव्हा काय माहीत होतं, ते तपासा

साथीच्या कादंबरीत काळाची चूक घटनांपेक्षा ज्ञानात जास्त होते. "कोविड-१९" हे नाव जागतिक आरोग्य संघटनेने ११ फेब्रुवारी २०२० ला दिलं. जानेवारीत घडणाऱ्या प्रसंगात कुणी "कोविड" म्हणालं की वाचक बाहेर फेकला जातो. याच संघटनेने सर्वसामान्यांसाठी कापडी मास्कचा सल्ला दिला तो ५ जून २०२० ला. त्याआधीच्या प्रसंगात मास्कवरून खात्रीने दटावणारं पात्र असेल तर त्याची खात्री कुठून आली ते तुम्हाला ठाऊक हवं.

जुन्या साथी घेतल्या तर हे आणखी अवघड. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला, आणि उंदरावरच्या पिसवांचा संबंध १८९८ मध्ये मांडला गेला. त्याआधीचं पात्र मेलेल्या उंदराला घाबरेल, पिसवांना नाही. १९१८ च्या फ्लूच्या वेळी डॉक्टरांनाही विषाणू माहीत नव्हता. माणसातला फ्लूचा विषाणू वेगळा काढला गेला १९३३ मध्ये. तेव्हाच्या माणसांचे चुकीचे उपायसुद्धा आपल्या उपायांइतकेच गंभीरपणे लिहा. त्यांना हसलात तर आजच्या वाचकाला शहाणं वाटेल, पण भीती वाटणार नाही.

कॅलेंडरचा पहिला रकाना यासाठी. प्रत्येक प्रसंगापुढे लिहा: या तारखेला या माणसाला एवढंच माहीत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अडुसष्ट हा आकडा फक्त तुम्हाला माहीत आहे.

९. आदेश उठणं हा शेवट नाही

ज्या दिवशी दार उघडतं तिथे कादंबरी थांबवायचा मोह आवरा, किंवा निदान थोडी पुढे जा. तासांचा तक्ता पुन्हा काढा आणि तिसरा रकाना भरा: उघडल्यानंतर. सून परत येते, तिचे दहा तास तिला परत हवेत, पण मुलगी झोपायला केअरटेकरची जागा मागते. मुलाला ऑफिसला जायचंय. आजोबांना आता दुसऱ्या कुणाच्या हातून जेवायचं नाही. आणि ज्या जोडीने दहा मिनिटांवरून चौदा तासांवर उडी मारली, ती पुन्हा दहा मिनिटांवर येणार आहे.

त्या पहिल्या दहा मिनिटांचा प्रसंग पूर्ण लिहा. सकाळचे आठ, ती दारातून आत आलीय, काल रात्री अडुसष्ट दिवसांनी पहिल्यांदा स्वतःच्या घरी झोपून. तो बूट घालतोय. रात्रीच्या पाळ्यांचा हिशेब अजून झालेला नाही. तो विचारतो, "औषध?" इथे ती काय बोलते हे तुम्हाला पहिल्या खर्ड्यात कळणार नाही. म्हणून हा प्रसंग सगळ्यात आधी लिहू नका, आणि आधी लिहिलाच असेल तर ताप येऊन गेलेली सत्तर पानं पूर्ण झाल्यावर तो फाडून पुन्हा लिहा.